१०० ग्रॅम रेशीम उकळलं, ७६ ग्रॅम उरलं. बाकीचं गेलं कुठे?

रंगीत_तालीम

मंडळी, रेशमातल्या जाणकारांची मदत हवी आहे. मी हौसेखातर सूत आणि लोकर रंगवते. रेशीम पहिल्यांदाच हातात घेतलंय. एकाच विक्रेत्याकडून दोन लडी मागवल्या. दोन्हींच्या चिठ्ठीवर "रॉ सिल्क, १०० ग्रॅम" असं लिहिलेलं होतं. घरच्या काट्यावर दोन्ही बरोबर १०० भरल्या.

पण दोन्हींत काडीचं साम्य नाही. पहिली लड (हिला "अ" म्हणू) फिकट पिवळसर, ताठ, हातात घेतली की चुरचुर वाजते. धागा एकसारखा आणि गुळगुळीत, पण चमक अशी नाहीच. मासे पकडायच्या गळाची दोरी असते ना, तशी लागते. दुसरी ("ब") मऊ, सुती वाटावी इतकी मॅट, जागोजाग गाठी आणि बारीक तपकिरी ठिपके. ओली केली की कसलातरी उग्र वास येतो.

"अ"चा छोटा तुकडा तसाच रंगवून पाहिला. निळा रंग पहिल्या पाच मिनिटांत भसकन चढला, मी खूश. मग गरम पाण्यात खळबळला तर निम्मा उतरला, आणि राहिला तोही पट्ट्यापट्ट्यांनी. कुणीतरी सांगितलं की आधी साबणात उकळायचं असतं. म्हणून ३ लिटर पाणी, २५ ग्रॅम साबणाचा कीस, अर्धा चमचा धुण्याचा सोडा घेऊन दोन्ही लडी वेगवेगळ्या भांड्यांत तासभर ठेवल्या. पाणी उकळीच्या जरा खाली होतं. धुऊन, उन्हात वाळवून वजन केलं: "अ" ७६ ग्रॅम, "ब" ९७ ग्रॅम.

"अ" आता ओळखू येत नाही, इतकी मऊ आणि चमकदार झालीये. पण २४ ग्रॅम गेले कुठे? त्यात काही मिसळलेलं होतं का? आणि दोन्ही रॉ सिल्क, तर "ब"चं वजन का नाही घटलं?

---

फुकटचा_सल्ला

सोपं आहे. खळ लावून वजन वाढवलंय. मापात पाप. पुढच्या वेळी विक्रेत्याला म्हणा, आधी उकळून दाखव, मग पैसे घे. :ड

---

आडवा_धागा

खळ वगैरे काही नाही. मी हातमागावर विणतो, रेशीम नेहमी वापरतो. रॉ सिल्क म्हणजे डिंकासकट असलेलं रेशीम. अळी कोष करताना तंतूबरोबर एक चिकट पदार्थ सोडते, सेरिसिन. उकळल्यावर गेला तो हाच. २४ टक्के घट एकदम नॉर्मल आहे.

"ब" हलक्या प्रतीची आहे, तिचा डिंक नीट सुटला नसणार. गाठी आणि खरखर त्यामुळेच. सोडा दुप्पट करा, पाणी खळखळ उकळू द्या, अजून दीड तास ठेवा. होईल "अ"सारखी.

---

कोषागार

थांबा थांबा, रंगीत_तालीम, सोडा दुप्पट करू नका. आडवा_धागा यांचं "अ"बद्दलचं म्हणणं पटतंय, "ब"बद्दलचं नाही. तुमची "ब" कितीही उकळा, "अ"सारखी कधीच होणार नाही. तिचा डिंक तुमच्या घरी येण्याआधीच निघालेला आहे.

मी बरीच वर्षं कोषातून धागा काढण्याच्या कामात होतो, आता निवृत्त. जरा पसरट लिहितो, चालवून घ्या. तुमची "अ" लड ज्या घंगाळातून निघाली तिथून सुरुवात करू, म्हणजे २४ ग्रॅमचा हिशेब आपोआप लागेल.

तुतीच्या पाल्यावर वाढलेली अळी तोंडातून दोन बारीक तंतू एकदम सोडते आणि त्या दोघांवर मिळून डिंकाचं वेष्टन असतं. डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत ती एकावर एक थर रचत जाते. कोष म्हणजे डिंकाने चिकटवलेला, पण सलग असा एकच लांब तंतू. चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास मिळतो. आत पतंग तयार झाला की तो कोष भिजवून, भोक पाडून बाहेर येतो. म्हणून त्याआधीच कोष वाफेवर किंवा गरम हवेत ठेवून आतला जीव मारतात. गरम हवेत वाळवलेले कोष महिनोन्महिने टिकतात.

मग कोष शिजवायचे. हे काम दिसतं सोपं, पण सगळी कला इथेच आहे. डिंक फक्त नरम करायचा, धुऊन काढायचा नाही. कमी शिजला तर तंतू थरातून सुटत नाही, ओढला की तुटतो. जास्त शिजला तर एकेक तंतू यायच्या ऐवजी थरच्या थर गुंतवळ होऊन वर येतात, धाग्यात गुठळ्या पडतात आणि निम्मा माल कचऱ्यात. शिजलेल्या कोषांवरून ब्रश फिरवला की वरचा पिंजारलेला भाग निघतो. तो बाजूला ठेवत गेलं की शेवटी प्रत्येक कोषाचा एकच स्वच्छ तंतू हाताला लागतो.

एका कोषाचा तंतू वापरण्याजोगा नसतो, फार बारीक. आठेक कोषांचे तंतू एकत्र करून एका बारीक भोकातून वर ओढायचे. वर गेलेला धागा पुढे जाण्याआधी स्वतःलाच वेढे देऊन पिळून निघतो. त्यात पाणी झडतं, धागा गोल होतो आणि नरम पडलेला डिंक आठही तंतूंना एकमेकांना चिकटवतो. म्हणजे तुमच्या "अ"मधल्या धाग्याला एकत्र धरणारी गोष्ट पीळ नाही, तर तोच डिंक आहे. तो खळीसारखा बाहेरून कुणी लावत नाही. तो तिथेच असतो आणि धागा काढणाऱ्याला तो हवाच असतो.

कोषाचा तंतू बाहेरच्या बाजूला जाड आणि आत शेवटाकडे बारीक. आठही कोष एकाच वेळी संपत आले तर धागा बारीक होत जाईल. म्हणून काही ताजे, काही अर्धे, काही संपत आलेले असे कोष एकत्र चालवतात. एक संपला की नव्याचं टोक तिथल्या तिथे चालत्या धाग्याला लावायचं, तो डिंकाने आपोआप धरतो. नवखा माणूस इथे चुकतो. कोष संपलेला लक्षात येत नाही, पुढचे पन्नास मीटर सात तंतूंचेच जातात, आणि मग विणकर म्हणतो कापडात पट्टा का दिसतो.

---

रंगीत_तालीम

कोषागार, अफाट माहिती! म्हणजे माझ्या १०० ग्रॅममध्ये किती कोष असतील साधारण?

---

कोषागार

करू हिशेब. तुमच्या लडीत बहुतेक असे बरेच धागे एकत्र वळलेले असतील, पण वजनावर त्याचा परिणाम नाही. आठ तंतूंचा एकेरी धागा साधारण २१ डेनियरचा धरू. डेनियर म्हणजे ९,००० मीटरचं ग्रॅममधलं वजन. ९,००० मीटरला २१ ग्रॅम, तर १०० ग्रॅमला सुमारे ४३ किलोमीटर. त्यात आठ तंतू, म्हणजे ३४४ किलोमीटर तंतू. एका कोषातून सरासरी ९०० मीटर नीट सुटला असं धरलं, तर ३८० च्या घरात कोष.

आणि डिंक गेल्यावर तो २१ चा धागा १६ चा होतो. लांबी तीच, जाडी कमी. तुमचे २४ ग्रॅम असे गेले. तुतीच्या रेशमात डिंक वजनाच्या पाव भागाच्या आसपास असतो, कोषाच्या जातीप्रमाणे थोडा कमीजास्त.

एक दुरुस्ती मात्र हवी. उकळण्याआधी लड खोलीत ठेवून मोजली, नंतर उन्हातून आणून लगेच मोजली, बरोबर? रेशीम हवेतली ओल भरपूर धरून ठेवतं, आपल्याला कोरडं वाटत असतानासुद्धा. त्याच खोलीत एक दिवस टांगून पुन्हा मोजा. खरी घट २४ पेक्षा थोडी कमी निघेल.

---

चौकस_चिमणी

विषय निघालाच आहे तर माझंही सांगते. मुलीच्या प्रकल्पासाठी आम्ही ४० अळ्या वाढवल्या. कोष झाल्यावर मुलगी म्हणाली, मारायचं नाही. पतंग बाहेर येऊ दिले. मग ते भोकाचे कोष उकळून धागा काढायला बसलो. पहिला कोष पाणी भरून तळाला गेला. टोक सापडलं, दोन वीत ओढलं, तुटलं. परत सापडलं, परत तुटलं. पाच कोषांनंतर मुलगी झोपायला गेली आणि मी एकटीच बसले होते. कोष बुडतो म्हणून धागा येत नाही का? वर तरंगत ठेवायला काही युक्ती आहे का?

---

आडवा_धागा

भोक पडलं की कोष बुडणार, आणि बुडालेला कोष फिरत नाही. म्हणून तुटतो. आत कापसाचा बोळा घालून पाहिलात का?

---

कोषागार

आडवा_धागा, बुडण्याचा इथे काही दोष नाही हो. काही पद्धतींत तर कोषांच्या आत मुद्दाम पाणी भरतात आणि ते बुडलेले असतानाच धागा काढतात. त्रास वेगळाच आहे. पतंग बाहेर येताना कोषाच्या एका टोकाचा डिंक सैल करतो आणि तिथले तंतू रेटून वाट काढतो. अळी तो तंतू आठाच्या आकारात फिरवत शेकडो वेळा त्या टोकापाशी आणत असते. तिथे भोक पडलं की तो प्रत्येक फेऱ्यात तुटू शकतो. म्हणजे कोषात आता एक हजार मीटरचा तंतू नाही, शेकडो तुकडे आहेत. बोळा घाला नाहीतर लाकडाचा ठोकळा घाला, तुकडे जुळणार नाहीत.

चिमणीताई, पण तुमचे कोष वाया गेलेले नाहीत. जे सलग निघत नाही, ते कातायचं. आणि इथूनच "ब"चं कोडंही सुटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

भोकाचे कोष, ब्रशने काढलेला वरचा गुंता, घंगाळात शेवटी उरलेली पातळ कातडी, तुटके धागे, हा सगळा माल आम्ही वेगळ्या पोत्यात भरायचो. तोही रेशीमच. पण त्यातून कापसासारखं सूत काढायचं तर तंतू सुटे हवेत, आणि डिंक असला की ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. म्हणून इथे डिंक *आधी* काढतात. मग तो माल उघडतात, पिंजतात आणि विंचरतात. विंचरताना लांब तंतू एका दिशेने सरळ होऊन वेगळे निघतात. त्यांचं सूत काततात, ते स्पन सिल्क. छान मऊ, बऱ्यापैकी चमकदार, थोडी लव असलेलं, आणि पीळ सोडला की सुटं होणारं.

फणीत मागे काय राहतं? आखूड तंतू, गाठी, कोषातल्या प्यूपाच्या सालीचे कण. हा उरलेला माल म्हणजे नॉइल. त्याचं सूत जाडंभरडं, गाठीगाठींचं, मॅट. तुमचे तपकिरी ठिपके बहुतेक ते कण. चमक नाही ती डिंकामुळे नाही, तर तंतू आखूड आणि वेडेवाकडे पडलेले असल्यामुळे. प्रकाश एका दिशेने परततच नाही.

तर रंगीत_तालीम, तुमची "ब" नॉइल आहे. ३ ग्रॅम गेले त्यात मागे राहिलेला थोडा डिंक, तेल आणि धूळ. आणखी सोडा घालून तुम्ही डिंक नाही, रेशीमच खराब कराल.

---

आडवा_धागा

ठीक, हे मान्य. पण मग चिठ्ठीवर रॉ सिल्क का? मी जिथून जिथून घेतलंय तिथे हे गाठीचं मॅट कापड रॉ सिल्क म्हणूनच विकतात. सगळा बाजार एक शब्द एका अर्थाने वापरत असेल तर तोच अर्थ झाला ना? तुम्ही पुस्तकी अर्थ धरून बसलात.

---

कोषागार

पुस्तकी नाही, घंगाळातला अर्थ आहे. :) धागा काढणाऱ्याच्या लेखी रॉ म्हणजे कोषातून सलग काढलेलं आणि डिंकासकट असलेलं. दुकानात रॉ म्हणजे "दिसायला ओबडधोबड". दुकानदार खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, त्यालाही तसंच सांगून माल दिलेला असतो. पण रंगवणाऱ्याला आणि विणणाऱ्याला हा फरक पैशात मोजावा लागतो. एकात पाव वजन जाणार आहे, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही.

म्हणून नावावर जाऊ नका, धागा उलगडा. एक वीतभर धागा घ्या, पीळ पूर्ण सोडवा आणि त्यातला एकच तंतू चिमटीत धरून हलके ओढा. सलग काढलेलं असेल तर तंतू वीतभर सोबत येतच राहतो, टोक लागतच नाही. स्पन असेल तर थोड्या लांबीनंतर सटकून हातात येतो, पण तो बोटभर किंवा त्याहून लांब असतो. नॉइल असेल तर चिमटीत अगदी आखूड, कुरळे तुकडे येतात आणि धागा नुसत्या ओढण्यानेच विरतो.

---

सुरकुती

माझ्याकडे सिल्कचा एक कुर्ता आहे, दोन-तीन धुण्यांनंतर कडक झालाय. म्हणजे त्यातला डिंक काढायचा राहिलाय का? घरी साबण-सोड्यात उकळू का?

---

रंगीत_तालीम

सुरकुती, नको!! निदान कोषागार काही म्हणेपर्यंत तरी नको.

---

पीएच_सात

मी उत्तर देतो, रसायनशास्त्र माझा विषय. कुर्ता उकळू नका. आधी मऊ होता आणि मग कडक झाला, तर डिंक कारण असू शकत नाही, तो धुऊन वाढत नसतो. जड पाण्यात साबण वापरला असेल तर चुन्याचा साबण धाग्यावर बसला असेल. हलक्या पाण्यात बराच वेळ भिजवून पाहा. उकळलात तर रंग, शिवण, अस्तर सगळं एकदम जाईल.

आता मूळ धाग्याबद्दल. आडवा_धागा यांनी सोडा दुप्पट करा म्हटलं होतं, ते का चुकीचं ते कुणी लिहिलं नाही. डिंक आणि आतला तंतू ज्याचा बनतो ते फायब्रॉइन, दोन्ही प्रथिनंच आहेत. डिंकाची रचना ढिली, म्हणून तो गरम अल्कलीत पटकन विरघळतो. फायब्रॉइनची रचना घट्ट, म्हणून ते *हळू* खराब होतं. पण अजिबात होत नाही असं नाही. पीएच साडेनऊ ते दहाच्या आसपास असेल तर डिंक जातो आणि फायब्रॉइन बऱ्यापैकी सुरक्षित राहतं. त्याच्या फार वर गेलात, शिवाय वेळ वाढवलीत, तर धागा कमजोर होतो. आणि खळखळ उकळीने लड आपटते, गुंतते, तंतूंवर बारीक कुसं उभी राहतात. मग गडद रंगावर पांढुरकी लव दिसते आणि माणूस रंगाला दोष देतो.

तुमचा पहिला तुकडा पट्ट्यांनी रंगला त्याचंही कारण हेच दोन थर. डिंक रंग भसकन पितो आणि तितक्याच सहज सोडतो. जिथे जाड डिंक, तिथे गडद. नंतर गरम पाण्यात डिंक नरम झाला की रंग त्याच्यासकट निघून जातो.

---

आडवा_धागा

सोड्याचा मुद्दा घेतला. पण विणकराच्या बाजूने एक सांगतो, नाहीतर सगळे डिंकाला शत्रू समजतील. मी ताण्यासाठी मुद्दाम डिंकासकट धागा घेतो. मागाच्या फणीतून हजार वेळा घासला जातो, डिंक असला की तंतू फुटत नाहीत. विणून झालं की अख्खं कापड उकळतो. ऑर्गेंझा तर डिंकासकटच वापरतात, तो ताठपणा डिंकाचाच असतो.

एकदा मात्र फसलो होतो. डिंकासकट ताणा लावला, मागावर कापड छान घट्ट दिसलं, आणि उकळल्यावर जाळी झाली. धागा पाव भागाने हलका झाला आणि मी फणीची घरं तेवढीच ठेवली होती. आता त्या धाग्याला इंचाला जास्त घरं घेतो. मागावर कापड जरा जास्तच दाट वाटतं, पण उकळल्यावर बरोबर बसतं.

---

चौकस_चिमणी

कोषागारकाका, (काका म्हटलं तर चालेल ना?) मग माझ्या ३५ भोकाच्या कोषांचं काय करू? यंत्र नाही, फणी नाही.

---

कोषागार

काका चालेल, नातवंडं आजोबा म्हणतात.

कोष कात्रीने चिरून आतली साल आणि घाण झटकून टाका. ही पायरी टाळू नका, नाहीतर तेच ठिपके आणि तोच वास तुमच्या सुतात येईल. मग रंगीत_तालीम यांनी घेतलं तेच प्रमाण: कोषांच्या वजनाच्या पाव भाग साबण, सोडा चिमूटभर, भरपूर पाणी, पाऊण-एक तास, उकळीच्या खाली. जाळीच्या पिशवीत बांधा म्हणजे गुंता होणार नाही. कोष मऊ होऊन पसरले, बोटांना बुळबुळीत लागेनासे झाले की दोनदा गरम पाण्यात धुवा. ओले असतानाच एकेक कोष चारही बाजूंनी ताणून रुमालासारखा पसरवा. एकावर एक पाच-सहा पसरवून वाळवा. वाळल्यावर मधे भोक करून ओढत गेलं की जाड वातीसारखी पट्टी निघते, ती टकळीवर कातता येते. पतंग सुखरूप, सूत तुमचं. गुळगुळीत मात्र होणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

---

रंगीत_तालीम

अपडेट देते.

१. धागा उलगडून पाहिला. "अ"चा तंतू वीतभर काय, हातभर आला तरी संपला नाही. "ब"मधून चिमटीत जेमतेम दोन सेंटिमीटरचे तुकडे आले आणि बाकीचा धागा तिथेच विरला. कोषागार, शंभर टक्के बरोबर.

२. "अ" एक दिवस खोलीत टांगून पुन्हा मोजली. ७६ ची साडेसत्त्याहत्तर झाली! विक्रेत्याची मनातल्या मनात माफी मागितली. निदान "अ"पुरती.

३. "ब" निळी रंगवली. छान, एकसारखी, जीन्ससारखी दिसते. वास वाळल्यावर जातो, भिजली की पुन्हा येतो.

४. आता तक्रार. उकळलेली "अ"ही रंगवली. चमक बघून डोळे दिपले, पण लडीत चार ठिकाणी एक-दोन सेंटिमीटरचे डाग आहेत, बाकीच्यापेक्षा गडद आणि हाताला किंचित ताठ. आता का?

---

कोषागार

चार ठिकाणी म्हणजे लडीच्या घेरावर सारख्या अंतरावर का? तसं असेल तर दोन शक्यता. लड ज्या चौकटीवर गुंडाळली जाते तिच्या दांड्यांवर ओला धागा टेकतो, तिथे डिंक जाड बसून कडक होतो. हे आमच्याकडचं नेहमीचं दुखणं. दुसरी शक्यता, लड गुंतू नये म्हणून जिथे दोऱ्याने बांधलेली असते तिथे गाठ घट्ट असली की साबण आत पोचत नाही. तुम्ही उकळताना बांधणी सैल केली होती का?

---

पीएच_सात

तिसरी शक्यता राहिली. पाणी जड असेल तर चुन्याचा साबण ठिपक्यांनी बसतो आणि त्यावरही रंग वेगळा चढतो. प्रयोगशाळेत पिक्रोकार्माइन नावाच्या रंगाने तपासतात, डिंक उरला असेल तर लालसर दिसतो, नुसतं फायब्रॉइन पिवळं. घरी ते जमणार नाही. पण मला पाण्याचाच संशय जास्त आहे.

---

कोषागार

पाण्याचे डाग असे अंतर राखून पडत नाहीत हो. पडायचे तर सगळीकडे पडतील.

---

पीएच_सात

लड भांड्यात घडी करूनच ठेवली असणार. घडी जिथे तळाला टेकली तिथे साय बसू शकते, आणि घड्याही सारख्याच अंतरावर असतात. :)

---

रंगीत_तालीम

बांधणी सैल नव्हती केली, तशीच घट्ट होती. आणि घडीही केली होती. म्हणजे दोघांनाही माझ्याकडून पुरावा मिळाला, सॉरी.

काल असं केलं. बांधणी आठाच्या आकारात अगदी ढिली केली, गाळलेलं हलकं पाणी घेतलं, पहिल्याच्या निम्मा साबण, सोडा नाही, अर्धा तास. रंग बराचसा उतरला, तो उतरणारच होता. एक दिवस टांगून वजन केलं तर साडेसत्त्याहत्तरची साडेशहात्तर. म्हणजे आणखी एक ग्रॅम गेलं. चारांतले तीन डाग गेले. एक आहे तसाच.

---

आडवा_धागा

एक ग्रॅम गेलं म्हणजे डिंकच होता. कोषागार जिंकले.

---

पीएच_सात

चुन्याच्या साबणालाही वजन असतं. आणि रंग उतरला त्यालाही. एक ग्रॅमवरून निकाल देऊ नका.

---

कोषागार

या वेळी पीएच_सात यांचं ऐकू. रंगीत_तालीम, राहिलेल्या डागातला धागा तिसऱ्यांदा उकळू नका. त्यातला एक तुकडा कापून भिंगाखाली धरा आणि सुईने उसकटा. तंतू जोडीजोडीने चिकटलेले असतील, सुईने सुटत नसतील, तर डिंक. सगळे सुटे असतील आणि वर पांढरी भुकटी दिसली, तर पाणी. लडीच्या न डागलेल्या भागाचाही एक तुकडा शेजारी ठेवा, नाहीतर कशाशी ताडून बघणार?

---

रंगीत_तालीम

भिंग शेजारच्या आजोबांकडे आहे, तिकिटं बघायचं. उद्या मागून आणते.

---

चौकस_चिमणी

काका, ३५ पैकी ११ कोष ताणून झाले. मुलगी ओले कोष ताणते, मी वाळत घालते. साल झटकायची राहिली त्या दोन कोषांचे ठिपके आत्ताच दिसताहेत.